‘लागला तर लागला’ म्हणून भरलेले अर्ज नेमके कुठे लागतात

“आयपीओचं ५०० पानी पुस्तक वाचत बसू नका. सेबीने मंजुरी दिली म्हणजे कंपनी तपासलेलीच असते. ग्रे मार्केटचा प्रीमियम बघा, प्रत्येक इश्यूला एक लॉट भरा, लिस्टिंगला विका. लागला तर फायदा, नाही लागला तर पैसे मोकळे. यात तोटा होतच नाही.”

आयपीओबद्दलचा हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. त्याच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

मुख्य बाजारातल्या इश्यूत २ लाख रुपयांपर्यंतचा अर्ज किरकोळ गटात धरला जातो. या गटात अर्ज फार झाले की लॉटरी निघते आणि ज्याचं नाव निघेल त्याला एकच लॉट, म्हणजे शेअरचा ठरलेला किमान गठ्ठा, मिळतो. म्हणजे तुमची शक्यता किती, तर उपलब्ध लॉट भागिले वैध अर्ज. ज्या इश्यूवर सगळे तुटून पडतात तिथे ही शक्यता चाळिसात एक, शंभरात एक अशी खाली जाते. ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही, तिथे मात्र मागाल तेवढे शेअर मिळतात.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही दहा इश्यूंना प्रत्येकी १५,००० रुपयांचा एकेक लॉट भरलात. आठ इश्यू गाजले, लिस्टिंगला ३० टक्के वर उघडले, पण शक्यता होती चाळिसात एक. लागलेल्या लॉटवर ४,५०० रुपये सुटतात, म्हणजे एका अर्जामागे सरासरी साधारण ११२ रुपये. आठांचे मिळून ९००. उरलेले दोन इश्यू जेमतेम भरले, त्यामुळे दोन्ही पूर्ण लागले आणि १५ टक्के खाली उघडले. तोटा प्रत्येकी २,२५०, दोघांचा ४,५००. दहा इश्यूंची सरासरी काढली तर २१ टक्के नफा दिसतो. आपल्या खात्यात मात्र उणे ३,६००. ‘दहापैकी आठ आयपीओ वर उघडले’ हे वाक्य खरं असूनही ते ऐकून अर्ज भरणारा असा बुडतो. आंधळेपणाने सगळीकडे अर्ज भरले की चांगले इश्यू चिमूटभर लागतात आणि टाकाऊ पसाभर.

पेटीएमचं उदाहरण अजून पुष्कळांच्या लक्षात असेल. नोव्हेंबर २०२१, इश्यू १८,३०० कोटींचा, भाव २,१५०. एकूण मागणी देऊ केलेल्या शेअरच्या दुपटीपेक्षाही कमी, त्यामुळे मिळण्याची अडचण फारशी नव्हती. पहिल्याच दिवशी शेअर सुमारे २७ टक्के पडून बंद झाला.

‘मग गर्दीचेच इश्यू निवडू, प्रीमियम बघून.’ हेही जमत नाही. ग्रे मार्केट म्हणजे लिस्टिंगआधी बाजाराबाहेर तोंडी चालणारे सौदे, आणि तिथला भाव कुठल्याही एक्स्चेंजवर नोंदला जात नाही. तो किती सौद्यांवर ठरला आणि कोणी बोलला, हे तपासायची सोय नसते, आणि तो पसरवणाऱ्याचा इश्यूत स्वार्थ असू शकतो. शिवाय तो आजच्या बाजारातला भाव आहे, लिस्टिंगच्या दिवसाचा नाही. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा इश्यू सत्तरपटीहून जास्त भरला होता. इश्यू बंद झाल्यावर काही दिवसांतच बाजार कोसळला, आणि ११ फेब्रुवारीला लिस्टिंग झालं तेव्हा ४५० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी त्याखाली बंद झाला. आता इश्यू बंद झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत लिस्टिंग होतं, म्हणून हा धोका कमी झाला आहे, एवढं मान्य.

सेबीच्या मंजुरीचं थोडक्यात. १९९२ पर्यंत सरकारचा भांडवल नियंत्रक इश्यूला परवानगी द्यायचा आणि त्याच्या भावावरही त्याचं नियंत्रण असायचं. ‘वरून पास झालंय’ ही भाषा तेव्हाची असावी. सेबी मसुद्यावर निरीक्षणं देते: जे सांगायला हवं ते सांगितलंय का, एवढंच. कागदपत्र सादर झालं म्हणजे सेबीने ते मंजूर केलं असं समजू नये आणि कंपनीच्या आर्थिक सक्षमतेची जबाबदारी सेबी घेत नाही, हे त्याच पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं. पण पुस्तक तर वाचायचंच नाही ना!

पाचशे पानं मीही वाचत नाही. आरएचपीत, म्हणजे त्याच पुस्तकात, तीन ठिकाणी जातो आणि त्याला तासभर पुरतो.

पहिलं, इश्यूचे उद्देश. एक काल्पनिक कंपनी घेऊ: इश्यू ५०० कोटींचा, त्यात ४०० कोटींची ऑफर फॉर सेल आणि नवे शेअर फक्त १०० कोटींचे. म्हणजे आपल्या प्रत्येक १०० रुपयांतले ८० जुन्या भागधारकांच्या खिशात जातात, कंपनीत येतात २०. यात गैर काही नाही, पण ‘विस्तारासाठी आयपीओ’ ही जाहिरात मग खोटी ठरते. त्या १०० कोटींपैकी ७५ कर्जफेडीला, २५ ‘सर्वसाधारण कामकाजासाठी’. या शेवटच्या खात्यावर २५ टक्क्यांची मर्यादा आहे. कंपनी ती काठोकाठ वापरत असेल तर पैशांचं काय करायचं हे तिला पुरतं ठरवता आलेलं नाही, असं मी धरतो.

दुसरं, भावाचा आधार. आरएचपीत भावाच्या जागी बहुतेक चौकटी कंसातले काळे ठिपकेच दिसतात, कारण किंमतपट्टा नंतर जाहिरातीतून जाहीर होतो. त्यामुळे ती जाहिरात शेजारी ठेवूनच हे प्रकरण वाचावं लागतं. समजा भाव ३०० रुपये आणि इश्यूनंतरचे शेअर ५ कोटी: कंपनीची किंमत १,५०० कोटी. गेल्या वर्षीचा नफा ५० कोटी, म्हणजे नफ्याच्या तीसपट. तुलनेसाठी दिलेल्या कंपन्या इश्यू आणणाऱ्यांनीच निवडलेल्या असतात, म्हणून त्या तक्त्यावर मी फार विसंबत नाही. जुन्या मंडळींना शेअर सरासरी किती रुपयांना पडला, हा तक्ता जास्त बोलका. एखाद्या फंडाने वर्षापूर्वी १४० ला घेतलेला शेअर आज ३०० ला विकायला काढला असेल, तर मधल्या वर्षात नफाही दुप्पट झालाय का, एवढं विचारायचं.

तिसरं, रोख प्रवाहाचं पत्रक. बरेच जण इथे येतच नाहीत. आपल्या कंपनीचा नफा तीन वर्षांत २०, ३२, ५० कोटी असा चढला. कामकाजातून आलेली रोख मात्र १८, ६ आणि उणे ११ कोटी. ताळेबंदात बघितलं तर येणी फुगलेली: पूर्वी विक्रीचे पैसे ६० दिवसांत यायचे, आता १३० दिवस लागतात. इश्यूच्या आधी विक्री दाखवण्यासाठी उधारीवर माल ढकलला असण्याची शक्यता इथे उभी राहते. खरोखर वाढणाऱ्या धंद्यातही रोख अडकते, म्हणून लगेच शिक्का मारू नये. व्यवस्थापनाच्या विवेचनात येणी का वाढली याचं कारण शोधावं. ते पटण्यासारखं नसेल, तर तीसपटीचं गणित ज्या ५० कोटींवर उभं आहे तेच डळमळीत आहे.

एवढं वाचूनही मन दुभंगलेलंच असेल, तर घाई करायची नाही. किरकोळ अर्जदाराला इश्यू बंद होईपर्यंत अर्ज मागे घेता येतो. मोठ्या संस्थांना ती मुभा नाही, म्हणून त्या सहसा शेवटच्या दिवशी उतरतात. त्यांचा रकाना दुपारनंतर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर बघावा. यूपीआयने अर्ज केला असेल तर बंद होण्याच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत मँडेट, म्हणजे खात्यात पैसे अडवून ठेवण्याची विनंती, मंजूर करावं लागतं. नाही केलं तर अर्ज आपोआप बाद होतो, आणि पैसा खात्यातून हललेलाही नसतो.