काठ आपोआप जुळत नाही हो

"साडीसमोर बाटली, पर्स काहीही आलेलं असू दे, सिलेक्ट करा, Content-Aware Fill मारा, पट्टे चौकड्या काठ सगळं आपोआप जुळतं. थोडं राहिलं तर क्लोन स्टॅम्पने सरळ रेषेत पुढे ओढा, आणि तरी विचित्र दिसलं तर हलकंसं ब्लर. डिझाइनमध्ये कोण मोजत बसतंय!"

फोटोशॉपमध्ये फोटोतली नको असलेली वस्तू काढण्याबद्दलचा हा मेसेज या महिन्यात मला चौथ्यांदा आलाय. गवत, वाळू, भिंत असेल तर बरोबर आहे, मीही तेच करते. कापडावर मात्र यातली प्रत्येक पायरी फसते, आणि का फसते ते एका फोटोवरच सांगते.

बाई बसलेल्या, साडीचा काठ मांडीवरून आडवा गेलेला, काठावर त्रिकोणांची रांग, आणि समोर नेमकी पाण्याची बाटली. मी पण आधी फिलच मारलं होतं, खोटं कशाला बोलू. लांबून झकास दिसलं. झूम केलं तर बाटलीच्या जागी पाच त्रिकोण आलेले, त्यातला एक बाकीच्यांच्या दीडपट रुंद आणि एकाला टोकच नाही. ते फिल आजूबाजूचे तुकडे उचलून कडेशी रंग जुळेल असे बसवतं, त्याला त्रिकोण म्हणजे काय माहीत नाही आणि मधे किती मावायला हवेत हे तर त्याहून नाही. त्यामुळे दोन्ही कडांना चिकटून तेवढं छान आणि सगळा गोंधळ मधे, हे त्याचं नेहमीचंच.

मोजायला लागतं, आणि मोजणं दोन मिनिटांचं काम आहे. फोटोशॉपमध्ये Ruler Tool घ्या आणि एका टोकापासून पुढच्या टोकापर्यंत किती पिक्सेल ते बघा. माझ्या फोटोत बाटलीच्या डावीकडे ते अंतर 45 होतं, उजवीकडे 41, कारण गुडघ्याकडे कापड वळत गेलं होतं. डावीकडचं शेवटचं दिसणारं टोक ते उजवीकडचं पहिलं टोक, 301. सरासरी 43 धरली तर 301 भागिले 43 म्हणजे बरोबर 7. सात अंतरं म्हणजे मधे सहा टोकं लपलेली, आणि फिलने दिलेले पाच! एक त्रिकोण खाल्ला आणि त्याची जागा बाकीच्यांना ताणून भरली.

मग मी भरलं कसं, तर आधी काठाच्या वरच्या आणि खालच्या बारीक रेघा बाटलीच्या जागेतून पेनने जोडून घेतल्या, कारण डोळा आधी तुटलेली रेघ पकडतो आणि त्रिकोण नंतर. मग डावीकडची टोक ते टोक अशी तीन अंतरं वेगळ्या लेयरवर कॉपी करून आत सरकवली, झाले 135. उजवीकडची तीन तशीच आत आणली, 123. मधे उरले 43, तिथे डावीकडचंच एक अंतर घेऊन Free Transform ने थोडं दाबलं, आणि सगळ्यांना Warp ने रेघांच्या वळणावर बसवलं. दोन कॉपींचा जोड साध्या रंगाच्या मधोमध सोडायचा नाही, मास्क त्रिकोणाच्या कडेकडेने न्यायचा, तिथे रंग असाही बदलतोच म्हणून जोड लपतो. आणि जागा भरायला कॉपी आडवी उलटी करून वापरायचा मोह होतो, तो टाळा. त्रिकोणाला एक वेळ चालेल, पण काठावर मोर-पोपट असले तर एक मधेच मागे वळून बघायला लागतो, शिवाय उजेडही उलट्या बाजूने येतो.

आता सरळ रेषेत ओढण्याबद्दल. अंगावरच्या कापडावर सरळ पट्टा जवळजवळ नसतोच. टेबलावर ताणलेलं कापड असेल तर सरळ ठीक, पण तिथेही लांब जाताना पट्टे अरुंद होतात, त्यासाठी Vanishing Point मध्ये चौकोन आखून त्याच्या आत क्लोन करायचं. साडीत खरी भानगड चुणीची. चुणी पडते तिथे थोडं कापड आत जातं आणि त्याच्यासोबत डिझाइनचा तुकडाही, म्हणून चुणीच्या दोन बाजूंचे पट्टे एकमेकांसमोर येतीलच असं नाही, खरं तर येऊच नयेत. वरच्या भागाकाराचा उपयोग इथे कळतो. उत्तर पूर्ण आकड्याच्या जवळ आलं तर मधे कापड सलग असावं, साडेसहा वगैरे आलं तर एकदा परत मोजा, आणि तरी तेच आलं तर बहुतेक अर्धा नमुना चुणीत गेलाय. मग वस्तूच्या वर आणि खाली बघा, वरून एखादी सावलीची रेघ आत शिरून खालून बाहेर येतेय का. येत असेल तर ती चुणी तिथून न्या आणि पट्टे तिथेच तोडा. जबरदस्तीने जुळवलेले पट्टे चुणीवरून सपाट निघून गेले की कापड छापील कागदासारखं दिसतं, बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

चौकडीत अजून एक गंमत, आडव्या रेघा जुळवण्याच्या नादात उभ्या अर्ध्या घराने सरकतात. दोन्ही दिशांना वेगवेगळं मोजायचं आणि रंगांचा क्रमसुद्धा बघायचा. लाल, पांढरा, निळा, पांढरा असा क्रम असेल तर एकच पांढरा इकडचा तिकडे झाला की पुढची सगळी रांग चुकली.

क्लोन करताना उजेडही सोबत येतो हे त्या मेसेजमध्ये नाहीच. उजेडातला पट्टा सावलीत चिकटवला की ठिगळ. यावर लोक हीलिंग ब्रश मारतात, पण तो कडेचा रंग आत ओढतो, त्यामुळे ब्रशची कड गडद पट्ट्याला लागली की शाई पसरल्यासारखा डाग पडतो. त्यापेक्षा आधी डिझाइन जुळवून घ्या, उजेडाकडे बघूच नका, मग त्या लेयरला चिकटवलेल्या Curves ने गडद-फिकं करा आणि चुणीची सावली वेगळ्या Multiply लेयरवर मऊ ब्रशने रंगवा. डिझाइन आणि सावली वेगळ्या ठेवल्या की एक दुरुस्त करताना दुसरं बिघडत नाही.

ब्लरचं तर बोलायलाच नको. ब्लर केल्यावर चुकीचा पट्टा चुकीच्या जागीच राहतो, जातो तो फक्त धाग्यांचा पोत, आणि मग आजूबाजूला विण दिसतेय आणि मधे मेणासारखा गुळगुळीत चट्टा. छोट्या साइजमध्ये लपेल म्हणाल तर बारीक चेक्सचं उलटच होऊ शकतं. फोटो लहान केला की बारीक रेघांवर कधीकधी लाटा उमटतात, मोआरे म्हणतात त्याला, आणि रेघा जराशा सरकलेल्या असल्या की नेमकी तिथे ती लाट तुटते. म्हणजे मोठ्या फोटोत न दिसलेली चूक लहान फोटोत दिसते.

कोण मोजतंय, तर मीच मोजते, असं. सगळं एकत्र करून लेयरची कॉपी काढा, ती बरोबर एक नमुना बाजूला सरकवा, माझ्या फोटोत 43 पिक्सेल, आणि ब्लेंड मोड Difference करा. जिथे जुळलंय तिथे जवळजवळ काळं दिसतं, चुकलंय तिथे उजळ रेघा चमकतात. कापड वळलेलं असलं की दोन्ही टोकांना थोडं उजळ येतंच, त्याची काळजी नको, मधेच एकदम चमकलं तर तिथे झूम करा. माझ्याकडे पहिल्यांदा चौथ्या त्रिकोणावर चमकलं, दोन पिक्सेल सरकला होता.

दागिन्यांखालचं किंवा हाताखालचं जिथे कापड अख्खं चुरगळलंय आणि एका बाजूला नमुन्याचं एकही पूर्ण आवर्तन दिसत नाही, तिथे हे चालत नाही, मोजायलाच काही नसतं. तसं असेल तर त्याच साडीचा दुसरा फोटो मागवा आणि काठ त्यातून घ्या.