संवाद मधोमध नसतात

«पटकथेचा फॉरमॅट म्हणजे नुसता देखावा. समास कुणी मोजत नाही, संवाद सेंटर करून टाका, सीनच्या वर जागेचं नाव लिहा, बाकी सगळं सविस्तर वर्णनात येऊ द्या.»

समास मोजले जातात, कारण पान म्हणजे वेळेचा अंदाज. १२ पॉइंट कुरियरमध्ये एका इंचात दहा अक्षरं बसतात. डावीकडे दीड इंच (तिथे पानं बांधली जातात), बाकी तिन्ही बाजूंना साधारण एक इंच सोडला की एक पान ढोबळमानाने पडद्यावरचा एक मिनिट धरतात. साडेआठ इंच रुंद लेटर कागदावर वर्णनाची ओळ साठ अक्षरांची होते, संवादाची मात्र साडेतीन इंच, म्हणजे पस्तीस. आता ३५० अक्षरांचं बोलणं घ्या. योग्य जागी ते दहा ओळी घेतं, वर्णनाच्या रुंदीत सहाच. बोलायला वेळ तेवढाच लागतो, पानं मात्र कमी भरतात आणि दोन तासांची पटकथा दीड तासाची वाटू लागते. (देवनागरीत अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे हा हिशेब सैल होतो. तरी मांडणी तीच ठेवावी.)

सेंटरचं बटण तर वापरूच नका. त्याने प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते. संवाद कागदाच्या डाव्या कडेपासून अडीच इंचांवर सुरू होतो आणि डावीकडेच जुळलेला असतो. पात्राचं नाव ३.७ इंचांवर, मग ते «मी» असो वा «पोलीस इन्स्पेक्टर». कंसातली सूचना ३.१ वर. स्पेसबार दाबत जागा गाठलीत तर एक शब्द बदलला की सगळं सरकतं. रूलरवर इंडेंट लावा.

```
इंट. मीराचं घर, स्वयंपाकघर - रात्र

मीरा दार लावते. कडी बसत नाही.

                      मीरा
                (हळूच)
          कोण आहे?
```

पहिली ओळ म्हणजे स्लगलाइन. आत की बाहेर, जागा, वेळ, या क्रमाने. नुसतं «घर» लिहिलं तर लाइट कुठे लावायचे हे कळत नाही. त्याहून महागात पडते ती नावातली गफलत: पान ५ वर «स्वयंपाकघर» आणि पान ४० वर «किचन» असेल, तर ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे शूटिंगसाठी पटकथेतून काढलेल्या यादीत, दोन लोकेशन्स निघतात. मीरा अंगणात गेली की नवी स्लगलाइन, «एक्स्ट.» लावून, बोलणं चालू असलं तरीही.

राहिलं वर्णन. «मीराला बालपणीची ती रात्र आठवते आणि ती घाबरते» हे कॅमेऱ्याला दिसत नाही. «मीराचा हात कडीवरच थांबतो» हे दिसतं. वर्तमानकाळ, आणि एका परिच्छेदात चारच्या वर ओळी नकोत. पाचवी आली तर बहुधा त्यात दुसरा शॉट दडलेला असतो, तिथे ओळ सोडा.