चांदव्याखालचा रस्सा

गच्चीवर जेवायचं म्हणजे सतरंजी टाकायची, रश्श्याचं पातेलं वर न्यायचं आणि डास मारत ओरपायचं, एवढंच मला ठाऊक. पण पुण्याचा मेव्हणा येणार ठरलं आणि बायकोनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. वर झिरझिरीत चांदवा, खाली गाद्या-तक्के, सगळीकडं मेणबत्त्या. "आपण असंच करू या." यातलं 'आपण' म्हणजे मी.

कपाटाच्या तळातून दोन जुन्या साड्या काढल्या, जोडून शिवल्या. दोन टोकं जिन्याच्या खोलीच्या हुकांना, दोन कपड्यांच्या दोरीच्या खांबांना. तबल्यासारखा चांदवा ताणला आणि चहाला खाली गेलो. मे महिन्यात पन्हाळ्याकडनं सुटणाऱ्या वाऱ्याला माझी चहाची वेळ पक्की ठाऊक असावी. वर आलो तर चांदव्याचं शीड झालेलं आणि एक खांब वाकून मुजरा करत होता.

गल्लीतले मंडपवाले काका रस्त्यावरनंच ओरडले, "ओ, वाऱ्याला वाट द्या की!" मग वर येऊन त्यांनी मधली शिवण वीत-वीत उसवली, वाऱ्याकडची बाजू खाली घेतली आणि दोऱ्या सैल केल्या. एका कोपऱ्याला मुद्दाम सुटी गाठ मारली. "लई जोर आला तर ही सुटंल. साडी जाईल, खांब ऱ्हाईल."

मेणबत्त्यांसाठी आजोबांच्या कंदिलाची काच काढली. वारा पडलेला, तरी आत ज्योत बारीक झाली, धूर ओकला आणि विझली. बघतो तर काच फरशीला गच्च टेकलेली. गरम हवा वरनं निघते, तिच्या जागी खालनं ताजी यायला नको? काचेखाली तीन नाणी सरकवली आणि ज्योत शाळेतल्या मॉनिटरसारखी ताठ उभी राहिली. बाकीच्या मेणबत्त्या रुंद तोंडाच्या लोणच्याच्या बरण्यांत, दोन बोटं वाळूत खोचल्या. ज्योत बरणीच्या निम्म्याच्या खाली राहिली की वाऱ्याचं काही चालत नाही. बरण्या कठड्याच्या कडेनं मांडल्या, चांदव्यापासून लांब.

गाद्यांचं काय सांगू! दिवसभर तापलेला स्लॅब गार व्हावा म्हणून सहाला पाणी मारलं, ते सगळं गाद्यांनी प्यालं. मेव्हणा ऐटीत बसला आणि लगेच उठला. मामांनी गुडघ्यांचं कारण सांगून खुर्ची मागवली. खुर्चीवर बसल्यावर सैल चांदवा त्यांच्या टकलावर टेकला, तर म्हणाले, "मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या."

पांढरा झाला, तांबडा वाढायला घेतला आणि वाऱ्याचा एकच झोत आला. काकांची गाठ बोलल्याप्रमाणं सुटली. खांब जागचा हलला नाही. साडीचा पदर अलगद खाली आला आणि तांबड्या रश्श्याच्या पातेल्यात बसला.

मेणबत्ती मात्र एकही विझली नाही. त्या लख्ख उजेडात बायकोनं काठ ओळखले. "अहो, ही माझी रुखवताची साडी!"