हुतात्मा आणि परमात्मा: संधी एकच, समास वेगळा

सोलापुरात 'हुतात्मा' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पुण्याला निघालेला माणूस 'हुतात्मा'ने जातो, नाटक हुतात्मा स्मृती मंदिरात असतं, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावं इथल्या पोरांनी शाळेपासून ऐकलेली असतात. पण हाच शब्द व्याकरणाच्या पेपरात आला की हुशार मुलंसुद्धा गडबडतात. मी शिकवणी घेते, त्यामुळे कुठे गडबडतात ते रोज दिसतं. ती संधीची फोड करतात आणि तिलाच समासाचा विग्रह समजतात.

संधी म्हणजे आवाजाचा हिशेब. हुत + आत्मा, 'त'मधला अ आणि पुढचा आ मिळून आ, म्हणजे दीर्घ स्वरसंधी. परमात्मा घ्या: परम + आत्मा, पुन्हा अ + आ = आ. नियम तोच, दुसरं पदही तेच. म्हणून मुलं दोन्हींचा समासही एकच लिहून मोकळी होतात. तिथे गुण जातो.

मी त्यांना एकच प्रश्न विचारते: परमात्मा हा आत्मा आहे का? आहे. परम असा आत्मा. पहिलं पद दुसऱ्याचं विशेषण, म्हणून कर्मधारय. आता हुतात्मा हा आत्मा आहे का? नाही, तो माणूस आहे. 'हुत' म्हणजे आहुती दिलेला, अर्पण केलेला. हुत आहे आत्मा ज्याचा असा तो. शब्दात 'हुत' आहे, 'आत्मा' आहे, पण ज्याच्याबद्दल बोलतोय तो माणूस दोन्ही पदांच्या बाहेर उभा आहे. म्हणून बहुव्रीही. कुणी 'ज्याने आत्मा अर्पण केला आहे असा तो' असा विग्रह केला तरी समास बदलत नाही, आणि तपासणाऱ्याने त्याचा गुण कापू नये.

'महात्मा'त आणखी एक अडचण आहे. संधी सोडवताना महा + आत्मा लिहायचं, पण विग्रहात 'महान आहे आत्मा ज्याचा असा तो' असं 'महान' येतं. मूळ शब्द महत्. समासात त्याचं 'महा' होतं आणि मग संधी होते. महत् + आत्मा अशी थेट फोड केली तर जगत् + ईश = जगदीश या चालीने 'महदात्मा' व्हायला हवं होतं. म्हणजे समास आधी, संधी नंतर. मुलांना हे एकदा फळ्यावर करून दाखवलं की फोडीची ओळ आणि विग्रहाची ओळ वेगळी का लिहायची ते कळतं.

आणि 'महा' दिसलं की बहुव्रीही, असंही नाही. महादेव म्हणजे महान असा देव, तो कर्मधारय. गाइडांमधल्या खुणा इथेच घात करतात. 'पहिलं पद संख्या असेल तर द्विगू' ही त्यातली सगळ्यात लाडकी खूण. पंचवटी, त्रिभुवन यांना ती लागू पडते, कारण तिथे पाच वडांचा समूह, तीन भुवनांचा समूह असा अर्थ आहे. पण दशानन? दश + आनन, इथेही दीर्घ स्वरसंधी, संख्याही समोर, तरी दहा तोंडांचा समूह कुणालाच म्हणायचा नाही. दहा आहेत आनने ज्याला असा तो, रावण. बहुव्रीही.

माझं खरं भांडण मात्र पेपर काढणाऱ्यांशी आहे. आमच्या मुलांनी सोडवलेल्या एका सराव पेपरात नुसता 'पीतांबर' शब्द दिला होता आणि पर्यायांत कर्मधारयही होता, बहुव्रीहीही. उत्तरसूचीत बहुव्रीही. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाने पंढरपुरात विठोबाला नेसवलेला पीतांबर डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्यासाठी पीतांबर म्हणजे पिवळं असं वस्त्र, आणि ते वस्त्रच आहे. त्याने कर्मधारय लिहिलं तर ते चूक कसं ठरवता? 'पीत आहे अंबर ज्याचे असा तो विष्णू' हा अर्थही तितकाच बरोबर आहे. दोन्ही खरे, आणि नुसत्या शब्दावरून त्यातला एक निवडायचा काहीच आधार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या शब्दाचे दोन विग्रह होतात तो वाक्यात घालून द्या. 'पुजाऱ्याने देवाला पीतांबर नेसवला' असं दिलं तर कर्मधारय, 'पीतांबराने गजेंद्राला सोडवलं' असं दिलं तर बहुव्रीही. वाक्य द्यायचं नसेल तर विग्रह लिहायला सांगा आणि त्या विग्रहाशी समासाचं नाव जुळतं का एवढंच तपासा. पर्यायी प्रश्नांच्या पेपरात विग्रह लिहून घेता येत नाही, मग तिथे असे दुहेरी शब्द घेऊच नका. हुतात्मा, दशानन, पंचवटी असे एकाच अर्थाने चालणारे शब्द मराठीत भरपूर आहेत.