अपडेट आलं नाही म्हणून फोन रिसेट करू नका

आज डोकं फिरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ओळखीतल्या एक काकू आहेत. त्यांचा आणि त्यांच्या मुलीचा फोन एकाच मॉडेलचा, एकाच दिवशी घेतलेला. मुलीला नवं अपडेट येऊन तीन आठवडे झाले, काकूंना अजून नाही. कुणीतरी सांगितलं, "काकू, फॅक्टरी रिसेट मारा, लगेच येईल." त्यांनी मारला. बॅकअप नव्हता. चार वर्षांचे फोटो गेले आणि अपडेट तरीही आलं नाही.

येणारच नव्हतं!

फोन अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारतो: माझं मॉडेल हे, बिल्ड नंबर हा, नवं काही आहे का? सर्व्हरवर अपडेट तयार असतं, पण सध्या किती टक्के फोनना द्यायचं हेही ठरलेलं असतं. ते निवडायची सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: फोनचा ओळख क्रमांक आणि त्या अपडेटचं नाव एकत्र करून एक मोठा आकडा (हॅश) काढायचा आणि त्याला १०० ने भागायचं. बाकी ० ते ९९ मधली काहीही उरते. समजा मुलीची बाकी ४ आली आणि काकूंची ८३. वाटप ५ टक्क्यांवर असेल तर ० ते ४ बाकीवाल्यांनाच मिळणार. काकूंनी दिवसातून पन्नास वेळा विचारलं तरी ८३ चे ४ होत नाहीत. रिसेटने फोनचा सिरीयल नंबरही बदलत नाही. पुढच्या अपडेटचं नाव वेगळं, म्हणून बाकीही वेगळी. तेव्हा कदाचित काकू पुढे असतील आणि मुलगी मागे. यात कोण लाडकं, कोण दोडकं असं काही नसतं.

"मग सगळ्यांना एकदम द्या ना!" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघा. एखाद्या अपडेटमुळे हजारातला एक फोन चालूच होत नाही असं धरा. कंपनीने २०० फोनवर चाचणी केली, तर हा दोष एकदाही न दिसण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर आहे. आता दहा लाख फोनपैकी १ टक्क्याला, म्हणजे दहा हजारांना अपडेट दिलं, की साधारण दहा फोन बंद पडतात. तक्रारी येतात, वाटप थांबतं. सगळ्यांना एकदम दिलं असतं तर हजार फोन बंद पडले असते. आणि थांबवणं म्हणजे पुढे न देणं. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच गेलंय, त्यांच्याकडून परत घेता येत नाही.

विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट आठवा, आवृत्ती १८०९. २ ऑक्टोबरला ते आलं, पण आधी फक्त स्वतःहून "Check for updates" दाबणाऱ्यांना. आपोआप वाटप ९ तारखेला सुरू व्हायचं होतं. काही जणांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते आणि जुन्या जागी काही फायली तशाच राहिल्या होत्या. अपडेटने जुना फोल्डर रिकामा समजून फायलींसकट उडवला. आठवड्याच्या आत मायक्रोसॉफ्टने वाटप थांबवलं. तक्रारी किती? दहा हजारांत एक. अपडेट पुन्हा सुरू झालं १३ नोव्हेंबरला. जे गप्प वाट बघत बसले होते त्यांचं काहीच गेलं नाही.

हां, एक गोष्ट मान्य करावी लागेल. अपडेटमध्ये सुरक्षेची दुरुस्ती असेल तर रांगेत मागे असणाऱ्याचं भोक तितके दिवस उघडं राहतं, आणि नवी आवृत्ती जुनीशी ताडून ते भोक नेमकं कुठे आहे हे शोधणारे असतात. अशी दुरुस्ती तीन आठवडे रेंगाळत वाटणं चूकच.

बटण दाबून काही होतं का, हे जिथल्या तिथे वेगळं आहे. ॲपलच्या ॲप स्टोअरवर डेव्हलपरने टप्प्याटप्प्याने वाटप निवडलं, तर सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५०, १०० टक्के असं चढत जातं. पण ते फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटसाठी. स्वतः स्टोअरमध्ये जाऊन अपडेट केलं तर पहिल्याच दिवशी मिळतं. गूगल प्लेवर टक्केवारी डेव्हलपर स्वतः ठरवतो आणि निवड यादृच्छिक असते.

फार दिवस झाले तर आधी सेटिंगमधला मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. डब्यावरचं नाव एकच असलं तरी वेगळ्या देशाच्या किंवा नेटवर्क कंपनीच्या फोनची रांगच वेगळी असते, आणि तिथलं वाटप कधीकधी सुरूच झालेलं नसतं. दुसऱ्या रांगेची फाइल कुठूनतरी उतरवून हाताने घालू नका. नंबर जुळला तर थांबा. तेवढ्या वेळात फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा आणि त्यातले दोन-चार उघडून बघा.

काकूंचा नंबर आज जुळवला. शेवटच्या अक्षरापर्यंत तोच निघाला. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे नुसतं थांबायचं होतं?" हो काकू, नुसतं थांबायचं होतं.