स्कॅनर दिसत नाही म्हणून आधी ड्रायव्हर काढू नका

"कॉम्प्युटरला स्कॅनर दिसत नसेल तर ड्रायव्हर उडालेला असतो. जुना काढून नवा टाका. तरी दिसला नाही तर लॅम्प गेला समजा आणि स्कॅनर भंगारात द्या." असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो चुकीचा आहे.

ड्रायव्हरची पाळी फार नंतर येते. यूएसबी केबल लावली की कॉम्प्युटर आधी स्कॅनरला त्याची ओळख विचारतो, आणि ती मिळाल्यावर तिला जुळणारा ड्रायव्हर शोधतो. ओळख झाली की नाही, हे बघता येतं. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप करा:

```
devmgmt.msc
```

एंटर दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडते. आता केबल काढून पुन्हा लावा. यादी जराही हलली नाही, तर दोष वीज, केबल किंवा पोर्टमध्ये शोधा. `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` असं आलं तरी बहुतेक वेळा तेच. काहीतरी जोडलंय एवढं कळलं, पण ओळख अर्धवट राहिली. स्कॅनर `Other devices` खाली पिवळ्या खुणेसह दिसला, तरच ड्रायव्हरकडे वळा.

माझ्या मावसभावाचं नागपुरात मानेवाडा रोडवर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, दोनदा ड्रायव्हर टाकला, स्कॅनर दिसतच नाही." जाऊन बघितलं. आदल्या दिवशी त्याने अंगठ्याचं मशीन घेतलं होतं आणि ते स्कॅनरच्याच हबमध्ये, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत लावलं होतं. त्याच्या स्कॅनरला वेगळा अडॅप्टर नाही, सगळी वीज यूएसबीतूनच येते. कॉम्प्युटरचा साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंत देतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला तेवढ्यातच सगळ्यांना वाटायचं असतं, नियमाने एका तोंडाला १००. स्कॅनर थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला आणि यादीत नाव आलं. पुढचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती सैल असू शकते, म्हणून मागचाच निवडला. ज्या स्कॅनरला अडॅप्टर आहे, त्याचा दिवा लागतो का हे सगळ्यात आधी बघावं.

ड्रायव्हर आधी काढण्यात खरा धोकाही आहे. जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीने पुढच्या विंडोजसाठी अनेकदा बनवलेलाच नसतो. चालत असलेला काढला आणि सीडी हरवलेली असली, तर चांगला स्कॅनर खरोखरच निकामी होतो. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

लॅम्पचा दिसण्या-न दिसण्याशी सहसा संबंध नसतो. जुन्या जाड स्कॅनरमध्ये लॅम्प म्हणून बारीक ट्यूब असते, तिचा उजेड स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट लागतं. नागपुरात जानेवारीच्या सकाळी त्याहून जास्त. स्क्रीनवर `Warming up` आलं म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर सापडलेला आहे, थांबा. एलईडीवाल्या पातळ स्कॅनरला ही वाट बघावी लागत नाही. ट्यूब खरंच थकली असेल तर स्कॅनर यादीत दिसतो, पण पाच मिनिटांनीही तो संदेश जात नाही किंवा ट्यूबची टोकं काळवंडलेली असतात. तेव्हा दुरुस्तीवाल्याला ट्यूबबद्दल विचारा.