घर जळालं, बिलं जळाली: एका फॉरवर्डला उत्तर

"घराला आग लागली आन बिलं जळाली असतील तर विम्याचा एक रुपया भेटत नाही. तलाठ्याचा पंचनामा झाला की मग बाकी कागद-फोटो कायलेच लागत नाही. आन यादीत सगळं दुप्पट लिहा, कंपनी अर्धं कापतेच. सर्व ग्रुपवर पाठवा."

उन्हाळा लागला की हा मेसेज आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या ग्रुपांवर हमखास फिरतो. आधी बिलांचं बघू, कारण लोक त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात आणि कित्येक जण क्लेम टाकतच नाहीत.

आगीत कागद जळणार हे विमा कंपनीलाही कळतं. विमा नियामकाच्या २०२४ च्या मुख्य परिपत्रकात तर स्पष्टच आहे की केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारता येणार नाही. कंपनीला खात्री करायची असते ती दोन गोष्टींची: वस्तू घरात होती का, आणि ती जळाली का. त्याचा पुरावा बिलाशिवायही उभा राहतो. फ्रिज हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्सचं कर्ज खातं बोलतं. पैसे फोनवरून दिले असतील तर बँकेचा खातेउतारा आहे. तालुक्याच्या दुकानदाराकडे मोबाइल नंबरवरून बिलाची दुसरी प्रत बहुतेक वेळा निघते. आंदणात आलेलं कपाट, दिवाण, गुंड-गंज यांचं बिल कोणाकडेच नसतं, पण लग्नाचा अल्बम असतो. तुमचा जळाला असला तरी सासरी, मामाकडे त्याच फोटोंच्या प्रती सापडतात. भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारी शिलाई मशीनही चालते.

पॉलिसीची प्रत कंपनीकडून पुन्हा मिळते. घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीत आहे, वीजबिल ऑनलाइन आहे. हे एका दिवसाचं काम आहे.

पण सर्वांत मोठा पुरावा राखेतच पडलेला असतो, आणि तोच आपण पहिल्याच दिवशी कबाड्याला देऊन टाकतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर, कपाटाचा पत्रा, मशीनचं बीड, वितळून गोळा झालेली भांडी यांना हात लावू नका. पावसाची भीती असेल तर ताडपत्री टाका, छताची लोंबणारी टिनं धोक्याची असतील तर उतरवा. पुढचं नुकसान टाळणं ही तुमचीच जबाबदारी आहे. मात्र हलवण्याआधी फोटो घ्या आणि उतरवलेला माल अंगणातच ठेवा. उरलेल्या भंगाराची किंमत क्लेमच्या रकमेतून वजा होते, त्यामुळे ते विकून मोकळे झालात तर हिशेबात नसता घोळ होतो.

फोटो कसे? आधी बाहेरून चारही बाजू, घर ओळखू येईल असे. मग प्रत्येक खोली दारातून आणि समोरच्या कोपऱ्यातून. मीटर, मेन स्विच, जळालेला बोर्ड जवळून. शेवटी एकेक वस्तू, तिच्यावर कागदाची चिठ्ठी ठेवून: १, २, ३. हाच क्रमांक पुढे यादीत येईल. फ्रिज किंवा कूलरच्या मागे मॉडेल आणि सिरियल नंबरची पाटी राहिली असेल तर ती फडक्याने हलकेच पुसून वेगळी टिपा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. म्हणून मूळ फोटो फोनमधून काढू नका, आणि पाठवायचेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता पंचनामा. तलाठ्याचा पंचनामा असतो सरकारी मदतीसाठी. त्यात बहुतेक वेळा एकच ओळ येते: घर, धान्य, भांडी, कपडे जळून अंदाजे अमुक हजारांचं नुकसान. कंपनी तो मागते, पण त्यावरून तुमच्या कपाटाची किंमत ठरत नाही. तो ७० हजारांचा आणि तुमची यादी सव्वा लाखाची, असं झालं तर पहिला प्रश्न तिथेच निघतो. म्हणून पंचनामा होताना वस्तू सांगा, वाचून घ्या, मगच सही करा, आणि प्रत मागा. पोलीस ठाण्यातही जळिताची नोंद करून घ्या. नगरपरिषदेची अग्निशमन गाडी आली असेल तर त्यांचा दाखला घ्या. लांबच्या गावात ती येत नाही किंवा राख झाल्यावर येते. मग ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांची नोंद आणि पंचनामा या तिघांवर काम भागतं.

कारण लिहिताना जपा. सगळे पंच एका सुरात 'शॉर्ट सर्किट' सांगतात. शॉर्ट सर्किटने लागलेल्या आगीचं नुकसान मिळतं. पण ज्या उपकरणात शॉर्ट झाला, त्या एका उपकरणाची किंमत कंपनी नाकारू शकते. आग कुठून उठली हे कोणीच पाहिलं नसेल तर 'कारण समजलं नाही' हेच खरं आणि तेच लिहावं.

राहिला दुप्पटीचा सल्ला. हा सर्वांत महागात पडणारा. देवळी तालुक्यातलं एक घर धरा. भारत गृह रक्षा पॉलिसी, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे असलेली प्रमाणित पॉलिसी. घराच्या इमारतीचा विमा ८ लाख. या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरगुती सामान वेगळी यादी न देताही धरलेलं असतं. इथे ते १,६०,००० होतं. मागची खोली जळाली. खरी यादी केली तर फ्रिज, कपाट, दिवाण, मशीन, भांडी, कपडे, खायचं धान्य मिळून १,३३,००० भरतात. दुप्पट केली तर २,६६,००० होतात, पण कंपनी १,६०,००० च्या वर जाऊच शकत नाही. २७ हजारांच्या आशेपायी तुम्ही खोटं विधान केलेलं असतं, आणि खोटं विधान किंवा बनावट बिल सापडलं तर पॉलिसीखालचा सगळाच हक्क जातो. बनावट बिल सापडणं अवघडही नाही: मार्चचं म्हणून दिलेलं बिल आणि दुकानदाराच्या पुस्तकातला त्याचा क्रमांक मेमधला.

यादी साधी वहीत करा. एक ओळ अशी: "४. फ्रिज, एका दाराचा, मागची खोली. दिवाळी २०२१, हप्त्यावर. तेव्हा १६,०००, आज तसाच १७,५००. पुरावा: कर्ज खातं, नंबरपाटी, फोटो ४." घेतल्याची आणि आजची अशा दोन्ही किमती द्या. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत घसारा कापतात, तो हिशेब नुकसान मोजायला कंपनी पाठवते त्या सर्व्हेअरला करू द्या. कपडे 'कपडे ३५,०००' असे लिहू नका. माणूसनिहाय लिहा: साड्या किती, स्वेटर किती.

आपल्याकडे घोळ होतो तो ओसरीतल्या कापसाचा. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस हा विक्रीचा माल, घरगुती सामान नव्हे. तो याच यादीत मिसळला की बाकी यादीवरही संशय येतो. त्याची नोंद तलाठ्याच्या पंचनाम्यात वेगळी करून घ्या. डब्यातली रोकड घराच्या पॉलिसीत बसत नाही, आणि दागिने मौल्यवान वस्तूंचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच.

कंपनीला खबर त्याच दिवशी द्या आणि क्लेम क्रमांक लिहून ठेवा. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत जायला हवा. काही कागद यायचे असतील तर फॉर्मवर 'मागाहून देतो' असं लिहून द्या, त्यांच्यासाठी थांबू नका. सर्व्हेअर आला की यादीच्या दोन प्रती तयार ठेवा: एक त्याला, दुसरीवर त्याची तारखेसह सही.